दाणा दाणा सुटा: मटार, मका आणि फरसबी घरी गोठवताना

वेलीवरून शेंग तोडली तरी आतला मटार जिवंतच असतो. तो श्वास घेत राहतो, साठवलेली साखर त्यात खर्च होते आणि उरलेल्या साखरेचा हळूहळू स्टार्च होत जातो. म्हणून सकाळी तोडलेला दाणा गोड लागतो आणि तीन दिवस टोपलीत पडून राहिलेला पिठूळ. स्वीट कॉर्नच्या कणसात हाच बदल आणखी झपाट्याने होतो. फरसबीच्या कोवळ्या शेंगेत दाणा नसल्यातच जमा असतो, पण तिचाही करकरीतपणा उतरू लागतो आणि आतले बी मोठे होऊ लागते. ही सगळी कामे करणारी द्रव्ये म्हणजे विकरे, ज्यांना एन्झाइम म्हणतात. गोठवण्याचा खटाटोप मुख्यतः त्यांना थोपवण्यासाठी असतो.

नुसत्या थंडीने ती पूर्ण थांबत नाहीत. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते, पण काही विकरांचे काम अत्यंत मंद गतीने का होईना, चालूच राहते. सोललेला मटार तसाच कच्चा पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. महिनाभर तो चांगला लागतो. त्यानंतर त्याला वाळक्या गवतासारखा वास यायला लागतो, हिरवा रंग मळकट पिवळसर होतो आणि कितीही शिजवला तरी साल चिवट राहते. या वासामागे मुख्यतः लायपॉक्सिजिनेज नावाचे विकर असते. दाण्यात चरबी अगदी थोडी असली तरी तिचे ऑक्सिडीकरण करायला त्याला तेवढी पुरते. वर्षभराचा मटार भरायचा असेल तर गोठवण्याआधी हे विकर उष्णतेने निकामी करावे लागते. त्यासाठी भाजी उकळत्या पाण्यात मोजका वेळ ठेवायची आणि लगेच गार करायची, याला ब्लांचिंग म्हणतात.

यात एक मेख आहे. अपुरे ब्लांचिंग हे अजिबात न करण्यापेक्षा वाईट ठरते. कोमट पाण्यात विकरे मरत नाहीत, उलट जोमाने कामाला लागतात. पेशी मात्र उष्णतेने सैल होतात आणि एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली द्रव्ये एकत्र येतात. त्यामुळे ‘पाणी गरम झाले, दाणे घातले, रंग हिरवागार दिसला, काढले’ एवढ्यावर भागत नाही. रंग पहिल्या काही सेकंदांतच खुलतो, कारण दाण्यातली हवा बाहेर पडते. तो खुलला म्हणजे काम झाले असे नव्हे.

पुण्याच्या बाजारात पावसाळ्यात पुरंदरचा मटार येतो, पण भाव खऱ्या अर्थाने उतरतो तो डिसेंबर ते फेब्रुवारीत. गोठवण्यासाठी माल घ्यायचा तो याच काळात. शेंग भरलेली पण तुकतुकीत हिरवी असावी. सालीवर पांढरट जाळी दिसू लागली असेल तर आतला दाणा जून झालेला असतो, आणि जून दाणा गोठवल्याने कोवळा होत नाही. पाच किलो शेंगा सोलल्यावर साधारण दोन किलो दाणे निघतात. पुढचे सगळे गणित या दोन किलोंवर मांडता येईल.

पहिली तयारी आदल्या रात्रीची, ती बर्फाची. फ्रीजच्या ट्रेमधले पंधरा-वीस खडे या कामाला पुरत नाहीत. शंभर अंशाला पोचलेला एक किलो मटार नुसत्या बर्फाने गार करायचा तर जवळजवळ तेवढाच, म्हणजे एक किलो बर्फ वितळतो. म्हणून स्टीलच्या दोन-तीन वाडग्यांत पाणी भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवावे आणि सकाळी ते ढेपळे फोडून घ्यावेत. एक युक्ती मात्र बर्फ बरीच वाचवते. गरम दाणे आधी नळाच्या साध्या पाण्यात अर्धा मिनिट हलवून मग बर्फाच्या पाण्यात घातले, तर निम्म्याहून जास्त उष्णता फुकटच्या पाण्यात निघून जाते आणि बर्फाला उरलेलेच काम करावे लागते.

दुसरी तयारी पातेल्याची. अर्ध्या किलो दाण्यांना चार ते पाच लिटर पाणी घ्यावे. इतके पाणी पाहून अनेकांना हात आखडता घ्यावासा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. थंड दाणे पडले की पाण्याचे तापमान घसरते. पाच लिटर पाणी असेल तर ते सहा-सात अंशांनी उतरते, दोन लिटर असेल तर पंधराएक अंशांनी. म्हणजे कमी पाण्यात दाणे बराच वेळ अर्धवट गरम अवस्थेत राहतात आणि तीच अवस्था टाळायची असते. पाणी पुन्हा उकळायला किती वेळ लागतो हे मात्र पाण्यापेक्षा शेगडीच्या जोरावर आणि दाण्यांच्या वजनावर ठरते. कसोटी सोपी आहे: झाकण ठेवून मोठ्या आचेवर एका मिनिटाच्या आसपास पुन्हा खळखळून उकळी आली तर घाण्याचे प्रमाण बरोबर. त्याहून जास्त वेळ लागला तर पुढच्या घाण्याला दाणे कमी घ्यावेत. घरच्या गॅसवर बहुतेक वेळा चारशे ते पाचशे ग्रॅमच्या पुढे जाता येत नाही. दोन किलोंचे चार किंवा पाच घाणे होतात.

वेळ मोजायला सुरुवात करायची ती ही उकळी परतल्यानंतर, दाणे पाण्यात पडल्यापासून नव्हे. हिरव्या मटाराला दीड मिनिट. एवढा लहान आकडा म्हटल्यावर घड्याळ समोर हवेच. शिवाय झाऱ्याने एकेक ओंजळ दाणे काढत बसलो तर शेवटच्या दाण्यांना तीन मिनिटे होतात. म्हणून दाणे आधी मलमलच्या फडक्यात किंवा जाळीच्या पिशवीत सैलसर बांधून सोडावेत, म्हणजे वेळ संपताच सगळे एकदम उचलता येतात. पुरचुंडी घट्ट बांधली तर मधल्या दाण्यांपर्यंत उकळते पाणी पोचत नाही. दाण्यांना आत हिंडायला जागा राहील इतकी ती ढिली असावी आणि पाण्यात एकदोनदा वरखाली करावी. तेच पाणी पुढच्या घाण्यांना चालते, फक्त प्रत्येक वेळी ते परत खळखळू द्यायचे.

गार करण्याला निदान उकळण्याइतकाच वेळ द्यावा. दाण्याच्या मध्यभागी साठलेली उष्णता बाहेरून कळत नाही. वरून थंड लागलेला मटार आतून शिजतच असतो आणि तसाच फ्रीजरमध्ये गेला तर मऊ पडतो. एक दाणा दातांखाली फोडून पाहावा. मधला भागही गार लागला की पाण्यातून काढावा. त्यानंतर पाण्यात ठेवण्यात तोटाच आहे, कारण साखर आणि क जीवनसत्त्व दोन्ही पाण्यात उतरतात.

ब्लांचिंग पुरेसे झाले की नाही हे घरी पडताळायचे असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड कामी येते. एका बशीत एक कच्चा आणि एक ब्लांच केलेला दाणा वेगवेगळे चिरडून दोन्हींवर एकेक थेंब टाकायचा. कच्च्या दाण्यावर फसफसून बारीक फेस येतो. हे कॅटालेज या विकराचे काम. उकळून गार केलेल्या दाण्यावर काही होऊ नये. तिथेही बुडबुडे आले तर वेळ अपुरा पडला आहे. ही परीक्षा ढोबळ आहे, कारण कॅटालेजपेक्षा जास्त उष्णता सोसणारी विकरेही असतात आणि कारखान्यांत त्यातल्या पेरॉक्सिडेजची तपासणी करतात. तरी ठळक चूक तिच्यातून लगेच कळते. तपासलेले दाणे अर्थातच फेकून द्यायचे.

पाण्यात चिमूटभर सोडा घालण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. सोड्याने हिरवा रंग गडद राहतो हे खरे, पण त्याच अल्कधर्मी पाण्यात दाण्याची साल गिळगिळीत होते आणि काही जीवनसत्त्वे नष्ट होतात. वेळ नीट पाळला तर रंग सोड्याशिवायही टिकतो. साखर घातल्याने काही बिघडत नाही आणि काही साधतही नाही. पाणी जड असेल, बोअरवेलचे असेल, तर मात्र लक्ष द्यावे. त्यातल्या कॅल्शियममुळे मटाराची साल आणि फरसबीची शेंग दोन्ही निबर होतात. अशा ठिकाणी पिण्याचे गाळलेले पाणी वापरणे बरे.

मक्याची गोष्ट निराळी. दाणे आधी सोलून मग उकळत्या पाण्यात टाकले तर जिथे दाणा तुटला आहे तिथून दुधासारखा गोड रस पाण्यात जातो आणि पाणी गढूळ होते. म्हणून सोललेले, केस काढलेले अख्खे कणीस चार मिनिटे उकळायचे, गार करायचे आणि मग दाणे काढायचे. उष्णतेने तो रस आतल्या आत आळलेला असतो, त्यामुळे सुरी लावली तरी फार गळत नाही. सुरी दाण्याच्या सुमारे दोन तृतीयांश खोलीवर चालवावी. त्याहून खोल गेली की कणसाच्या दांड्याचे कडक कुसळ दाण्याबरोबर येते आणि ते खाताना दातांत अडकते. अख्खे कणीसच गोठवायचे असेल तर लहान कणसाला सात, मध्यमला नऊ आणि जाडजूड कणसाला अकरा मिनिटे द्यावी लागतात, कारण उष्णता दांड्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला हवी. पण कणसे जागा फार अडवतात आणि गार होता होत नाहीत, तेव्हा घरच्या फ्रीजरसाठी दाणेच सोयीचे. भाजायचा देशी पांढरा मका या कामाचा नाही. त्यात गोडी कमी, पीठ जास्त.

फरसबीच्या दोन्ही बाजूंचे दोरे काढून इंच-दीड इंचाचे तुकडे करावेत आणि तीन मिनिटे द्यावीत. शेंग पोकळ असल्याने कापलेल्या तोंडांतून पाणी आत शिरून बसते, आणि बर्फाचा निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो. रोळीत काढल्यावर ती दोनचार वेळा चांगली झटकावी. ओले पावटे किंवा वालाचे दाणे असतील तर आकाराप्रमाणे दोन ते चार मिनिटे पुरतात. घरी गोठवलेली फरसबी कितीही काळजी घेतली तरी ताज्यासारखी करकरीत राहत नाही, हेही आधीच ओळखून असावे. घरचा फ्रीजर भाजी सावकाश गोठवतो. त्यामुळे पेशींत बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, भिंती फाटतात आणि उतरवल्यावर शेंग लुळी पडते. पुलाव, मिश्र भाजी, सूप यांना ती उत्तम. नुसत्या परतलेल्या भाजीसाठी ताजीच आणावी.

आता गठ्ठ्यांबद्दल. बाजारातल्या पाकिटातला मटार सुटा असतो, कारण कारखान्यात खालून जोराने येणाऱ्या अतिथंड हवेच्या झोतावर दाणे उडते ठेवून काही मिनिटांत गोठवतात. प्रत्येक दाणा शेजाऱ्याला चिकटण्याआधीच टणक झालेला असतो. घरी असा झोत नाही. पण दाणे चिकटतात कशाने हे पाहिले तर जवळपास तोच परिणाम साधता येतो. दोन दाण्यांमध्ये राहिलेला पाण्याचा पातळ थर गोठतो आणि डिंकासारखा काम करतो. दाणे एकमेकांना टेकलेले असतील तर हे होणारच. म्हणजे गोठताना पाणी असू नये आणि दाण्यांची दाटी असू नये, इतकेच सांभाळायचे.

रोळीत निथळलेला मटार कोरडा नसतो. दहा मिनिटांनी रोळीच्या तळाला हात लावला तर ओल हाताला लागते. दाणे जुन्या सुती पंचावर एका थरात पसरावेत, दुसऱ्या पंचाने वरून हलके टिपावेत आणि पंखा मंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावेत. दाण्यावरची चकाकी जाऊन साल मंद दिसू लागली की झाले. तासन् तास पंख्याखाली ठेवले तर दाणा सुरकुततो, शिवाय ब्लांच केलेली भाजी उन्हाळी हवेत फार वेळ उघडी ठेवू नये.

मग ताट. काठ बसका असलेले स्टीलचे ताट फ्रीजरमध्ये आधीच अर्धा तास ठेवून गार करावे. त्यात दाणे एकेरी थरात पसरावेत. थर दुहेरी झाला की खालचे चिकटलेच. मोठ्या ताटात साधारण अर्धा किलो मटार मावतो. ताट फ्रीजरच्या तळाशी नीट टेकलेले असावे, कारण धातूवरून थंडी लवकर पोचते. अर्ध्या तासाने ताट एकदा हलवून दाणे मोकळे करावेत. या वेळी ते बाहेरून कडक आणि आतून मऊ असतात आणि चुकून चिकटलेले सहज सुटतात. दीड-दोन तासांनी दोनचार दाणे परत ताटात टाकून पाहावेत. टणटण आवाज आला तर पूर्ण गोठले. रात्रभर उघडे ठेवणे मात्र नको, कारण फ्रीजरची हवा अत्यंत कोरडी असते आणि दाण्यातले पाणी ओढून घेते.

एका वेळी किती माल घालायचा यालाही मर्यादा आहे. फ्रीजरच्या दर २८ लिटर जागेला चोवीस तासांत किलो-सव्वा किलोहून जास्त नवी भाजी घालू नये. दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा पन्नास-साठ लिटरचा असेल तर वरच्या हिशोबातले दोन किलो त्यात एका दिवसात बसतात, तेही ताटे पाळीपाळीने लावून. एका दाराच्या फ्रीजमधल्या छोट्या बर्फकप्प्यात दिवसाला अर्धा किलोच घ्यावा. जास्त कोंबले की सगळेच संथ गोठते आणि आधीपासून ठेवलेला मालही सैल पडतो.

भरण्याच्या पिशव्या जाड असाव्यात. भाजीवाल्याच्या पातळ पिशवीतून वाफ बाहेर जाते आणि मासळीचा वास आत येतो. पिशवीही आधी फ्रीजरमध्ये गार केलेली असेल तर दाणे तिला लागून ओलावत नाहीत. एका जेवणाला लागेल तेवढाच, पाव किलोच्या आसपास माल एका पिशवीत घालावा, हवा दाबून काढावी, पिशवी सपाट करून तारीख लिहावी. उणे १८ अंशाला हा माल आठ ते बारा महिने उत्तम राहतो. फ्रीजर तितका थंड आहे का हे थर्मामीटर नसेल तर आइसक्रीमवरून ओळखता येते. चमचा सहज रुतत असेल तर तापमान कमी पडते आहे, आणि भाजी दोन-तीन महिन्यांत संपवलेली बरी.

इतके करूनही काही आठवड्यांनी पिशवीत बर्फ दिसू शकतो. तो कोणत्या प्रकारचा आहे यावरून कारण सांगता येते. बोटाने चेपल्यावर सुटणारा सैल गठ्ठा म्हणजे थोडी ओल राहिली होती. पिशवी ओट्यावर एकदा आपटली की काम भागते. दाण्यांवर आणि पिशवीच्या आतल्या बाजूला भुरभुरीत हिम दिसले तर ते बाहेरचे पाणी नव्हे, दाण्यातलेच आहे. दार वारंवार उघडले की, किंवा आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजच्या चक्रात, तापमान वरखाली होते. त्या प्रत्येक हेलकाव्यात दाण्यातून थोडी वाफ निघते आणि पिशवीतल्या रिकाम्या जागेत गोठून बसते. म्हणून हवा काढणे आणि पिशव्या दारापासून लांब, मागच्या बाजूला ठेवणे महत्त्वाचे. तिसरा प्रकार म्हणजे तळाशी काचेसारखा पारदर्शक बर्फ आणि त्यात रुतलेले दाणे. याचा अर्थ माल मधे कधीतरी वितळून पुन्हा गोठला आहे.

भारनियमनाच्या गावात हे कळण्यासाठी फ्रीजरमध्ये एक वाटी पाणी गोठवून तिच्यावर रुपयाचे नाणे ठेवतात. गावाहून परतल्यावर नाणे वरच असेल तर काळजी नाही, तळाशी गेलेले असेल तर सगळे वितळले होते. वीज गेलेली असताना दार उघडू नये. भाजीत अजून बर्फाचे कण असतील तर ती परत गोठवता येते, चव जराशी उतरते इतकेच. पूर्ण वितळून किती वेळ गेला हे माहीत नसेल तर टाकून द्यावी.

वापरताना मटार, मका किंवा फरसबी आधी बाहेर काढून वितळवायची गरज नाही. गोठलेलीच गरम फोडणीत किंवा उकळत्या रश्श्यात घालावी आणि ताज्या भाजीपेक्षा कमी वेळ शिजवावी, कारण थोडी शिजवणी आधीच झालेली असते. मात्र शिजवल्याशिवाय खाऊ नये. ब्लांचिंग म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे आणि थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. युरोपात २०१५ ते २०१८ या काळात पाच देशांत लिस्टेरियाची साथ पसरली होती. ४७ जण आजारी पडले, नऊ दगावले, आणि तिचा माग हंगेरीतल्या एका कारखान्यात गोठवलेल्या मक्यापर्यंत लागला. फ्रीजरमधला मका सॅलडमध्ये किंवा भेळेत घालायचा असला तरी आधी वाफ येईपर्यंत नीट गरम करून, मग गार करून घालावा.